फोनमधलं गाणं जुन्या अँप्लिफायरवर

ऐंशीच्या दशकातल्या स्टिरिओ अँप्लिफायरला ब्लूटूथ माहीत नाही की यूएसबी. पण त्याच्या पाठीमागे गोल सॉकेटांच्या जोड्यांची रांग असते आणि फोनमधलं गाणं मोठ्या स्पीकरवर वाजवायला तेवढी पुरते. हवी असते फक्त एक वायर. तिच्या एका टोकाला हेडफोनला असते तशी साडेतीन मिलिमीटरची पिन असते, तर दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना, एक पांढरी आणि एक लाल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ती सहज मिळते. जोडायला मिनिटभरही लागत नाही. तरी जोडल्यावर कधी आवाज फाटतो, कधी गायक गायब होतो, कधी नुसतीच घरघर ऐकू येते. अशा वेळी म्हाताऱ्या अँप्लिफायरवर खापर फुटतं, पण गडबड बहुधा जोडणीत असते.

वायर घेताना बारीक टोकाची पिन नीट पाहावी. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतात आणि त्यांच्यामुळे धातूचे तीन भाग पडतात. टोकाच्या भागातून डावा आवाज जातो, मधल्या भागातून उजवा, आणि बुडाचा भाग दोघांचा सामायिक अर्थिंगचा. दुसरीकडे पांढरी पिन डावीकडची, लाल उजवीकडची. काही वायरींत पांढरीऐवजी काळी असते. पिनेवर तीन रेघा असतील आणि दुसऱ्या टोकाला पिवळी पिनही असेल, तर ती व्हिडिओची वायर आहे. तिच्यात अर्थिंगची जागा वेगळी असू शकते, म्हणून इथे ती नको.

खरा प्रश्न अँप्लिफायरच्या पाठीमागे येतो. तिथे फोनो, ट्यूनर, ऑक्स आणि टेप अशा जोड्या एका रांगेत असतात, आणि प्रत्येकीत ही वायर सारखीच घट्ट बसते. त्यांतली फोनो मात्र बाकीच्यांहून अगदी वेगळी. ती रेकॉर्ड प्लेअरसाठी असते. रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईतून, म्हणजे नेहमीच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून, जेमतेम पाच मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो. तो वापरण्याजोगा व्हावा म्हणून फोनोच्या मागचं सर्किट त्याला साधारण शंभरपट वाढवतं. फोनच्या हेडफोन सॉकेटातून पूर्ण आवाजावर निघतो अर्धा ते एक व्होल्ट, म्हणजे सुईच्या शंभरपटीहूनही जास्त. तो फोनोत घातला की सर्किटची क्षमता तिथल्या तिथे संपते आणि आवाज फाटतो.

मग फोनचा आवाज अगदी कमी केला तर? फाटणं थांबतं, पण गाणं तरीही बिघडलेलंच राहतं. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे वाढवलेले असतात. फोनोचं सर्किट ते उलट करून मूळ तोल परत आणतं. मधल्या सुरांच्या तुलनेत अगदी खालचे सूर ते सुमारे दहापट वाढवतं आणि अगदी वरचे सुमारे दहाव्या हिश्शावर आणतं. फोनमधलं गाणं मुळात दाबलेलं नसतं. त्यामुळे तबल्याचा बायाँ घुमत राहतो आणि झांजा गोधडीखालून आल्यासारख्या वाटतात. असा आवाज आला की वायर चुकीच्या सॉकेटात आहे हे नक्की समजावं.

योग्य जागा ऑक्स. ती रिकामी नसेल तर ट्यूनर किंवा टेपची प्ले लिहिलेली जोडीही चालते, कारण या सगळ्यांना फोन देतो तेवढ्याच ताकदीचा सिग्नल अपेक्षित असतो. टेपच्या रेकॉर्ड लिहिलेल्या जोडीतून मात्र आवाज बाहेर जातो, त्यामुळे तिथे वायर लावली तर स्पीकर गप्पच राहतील. जपायचं ते स्पीकरच्या सॉकेटांपासून. काही जुन्या मॉडेलांत तीही आरसीएचीच असतात, आणि तिथली ताकद उलट वाहत आली तर फोन कायमचा जाऊ शकतो. म्हणून सॉकेटावर लिहिलेलं वाचल्याशिवाय पिन घालू नये, आणि घालताना अँप्लिफायर बंद ठेवावा. चालू अँप्लिफायरमध्ये पिन खुपसली की येणारा धाडकन आवाज स्पीकरला सोसवेलच असं नाही.

आता आवाज लहानमोठा करायच्या दोन जागा झाल्या, एक फोनवर आणि एक अँप्लिफायरवर. फोन जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि हवा तेवढा आवाज अँप्लिफायरच्या नॉबने घ्यावा. फोन कमी ठेवला तर नॉब खूप फिरवावा लागतो, आणि गाण्याबरोबर अँप्लिफायरची स्वतःची सूं सूं आणि वायरीने पकडलेली खरखरही तेवढीच वाढते. पूर्ण आवाजावर गाणं फाटत असेल तर आधी फोनमधला इक्वलायझर बंद करावा, मग आवाज एक-दोन घरं खाली आणावा.

सगळ्यात चमत्कारिक बिघाड असतो गायक हरवण्याचा. वाद्यं वाजतात, कोरस ऐकू येतो, पण मुख्य आवाज दूर विहिरीत गेल्यासारखा होतो. जाड कव्हरमुळे पिन फोनमध्ये पूर्ण बसली नाही की अर्थिंगचा भाग टेकत नाही. मग अँप्लिफायरपर्यंत पोचतो तो डाव्या आणि उजव्या बाजूंमधला फक्त फरक. गायकाचा आवाज मध्यभागी, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत तोच जातो. पन्नाशीच्या दशकातलं मोनो गाणं लावलं तर दोन्ही बाजू अगदी सारख्या असल्यामुळे जवळजवळ काहीच उरत नाही. कव्हर काढून पिन टक् होईपर्यंत दाबली की गायक परत येतो. तरीही आला नाही, तर वायरीचं अर्थिंग आतून तुटलंय.

हमिंग ओळखायला चार्जर काढून पाहावा. गाणं चालू असताना चार्जर लावल्यावर घूं आवाज किंवा बारीक शिटी सुरू होत असेल आणि काढल्यावर थांबत असेल, तर चार्जरच्या वाटेने आलेला विजेचा त्रास वायरीच्या अर्थिंगमधून अँप्लिफायरमध्ये शिरतोय. फोन बॅटरीवर वाजवणं हा बिनखर्चाचा उपाय. चार्जिंग लागणारच असेल तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी बसवता येते. तिच्यातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून आवाज पुढे जातो, पण दोन्ही बाजूंची अर्थिंग एकमेकांना जोडली जात नाही.

2016 मध्ये आयफोन 7 हेडफोन सॉकेटाशिवाय आला, आणि पुढे इतर अनेक फोनांनीही ते काढून टाकलं. अशा फोनला मध्ये त्याच्या सॉकेटात बसणारं छोटं कन्व्हर्टर लावावं लागतं. ते घेताना त्यात डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणारी चिप, आहे ना हे विचारावं. चिप नसलेली साधी कन्व्हर्टरं काही थोड्याच फोनांवर चालतात आणि बाकीच्यांवर गप्प बसतात.

एकाच बाजूचा स्पीकर वाजत असेल तर आधी बॅलन्सचा नॉब मध्यावर आहे का पाहावं. मग आवाज शून्यावर आणून अँप्लिफायर बंद करावा आणि मागच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करून पुन्हा गाणं लावावं. मुकी बाजू बदलली तर दोष वायरीत किंवा फोनमध्ये. तीच बाजू मुकी राहिली तर अँप्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये. अशा वेळी सिलेक्टरचं बटण अनेकदा इकडून तिकडे फिरवून पाहावं, कारण बरीच वर्षं न हललेल्या बटणाच्या संपर्कांवर काळा थर साचतो आणि एक बाजू तिथेच अडते. फिरवताना खरखर होऊन आवाज येत-जात असेल, तर मेकॅनिककडून बटणात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून घेतला की बहुतेक काम होतं.