बिल नंबर 9, पण कोणत्या वहीतलं?

पूर्वी पेढीवर नवी वही उघडली की पहिल्या पानावर स्वस्तिक काढायचं आणि बिलाचा आकडा पुन्हा एकपासून सुरू करायचा, अशी पद्धत होती. त्यामुळे गोंधळ कधी झाला नाही. जुनी वही लाल फडक्यात बांधून माळ्यावर गेलेली असायची. ‘बिल नंबर 9’ म्हटलं की गल्ल्यावर उघडी असलेली वही, आणि ‘गेल्या सालचं 9’ म्हटलं की माळ्यावरची. साल कुठेही लिहिलेलं नसलं तरी वही म्हणजेच साल होतं.

संगणकात सगळ्या सालांच्या वह्या एकाच तक्त्यात, एकाखाली एक, ठेवलेल्या असतात. बिलिंगचा प्रोग्राम लिहिणारा 1 एप्रिलला आकडा एकवर आणायची सोय न विसरता करतो. मात्र प्रत्येक ओळीवर ती कोणत्या वहीतली हे लिहायला तो विसरतो, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

समजा, सांगलीत पंपांच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. 2024-25 या आर्थिक वर्षातलं त्यांचं शेवटचं बिल 2318 नंबरचं. 1 एप्रिल 2025 ला सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, छापील बिलावर नुसता ‘1’ आला. मालकांना वाटलं, छान, वर्ष बदललेलं प्रोग्रामला कळलं. 12 एप्रिलला एका ठेकेदाराला 18,400 रुपयांचं बिल गेलं, नंबर 37. आठवड्याने त्याचे पैसे आले. कारकुनाने जमेच्या खिडकीत 37 टाकलं आणि बटण दाबलं. पडद्यामागे प्रोग्रामने हे केलं:

```
UPDATE bills SET paid = 1 WHERE bill_no = 37;
```

या हुकमात साल नाही. तक्त्यात 37 नंबरच्या दोन ओळी होत्या, दोन्हींवर ‘पैसे मिळाले’ असा शिक्का बसला. एप्रिल 2024 मधलं जुनं 37 दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं होतं आणि त्याचे 6,250 रुपये यायचे होते. उधारीच्या यादीतून ते नाव गेलं. यादीत नसलेल्या माणसाला तगादा कोण लावणार? असं नुकसान पडद्यावर लाल अक्षरात येत नाही, म्हणून ते महिनोन्महिने चालू राहतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दरवर्षी एकपासून आकडे सुरू करणं हा गुन्हा नाही. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, सोळा अक्षरांच्या आत हवा आणि ‘एका आर्थिक वर्षापुरता’ एकमेव हवा. म्हणजे 2024 चं 37 आणि 2025 चं 37 कायद्याच्या नजरेत दोन वेगळी बिलं आहेत. मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना ई-इन्व्हॉइससाठी चौसष्ट अक्षरी आयआरएन मिळतो. तो विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, कागदाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष या चारांतून तयार होतो. सरकारी यंत्रणेने साल धरलं आहे. आपल्या दुकानातल्या प्रोग्रामने धरलेलं नाही.

मग कायद्याचा प्रश्न येतच नाही का? येतो, आणि तो मार्चअखेरच्या गडबडीत येतो. 31 मार्चला संध्याकाळी माल टेम्पोत चढला, बिल करायचं राहिलं. (माल निघताना बिल व्हायला हवं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मार्चअखेरीला दुकानात उभं राहून पाहिलेल्यांना पुढचंही ठाऊक असतं.) 2 एप्रिलला कारकुनाने ते बिल केलं आणि तारीख टाकली 31 मार्च 2025. त्याला 2319 नंबर मिळायला हवा होता. पण प्रोग्राम वर्ष ठरवताना बिलाची तारीख बघत नाही, संगणकाच्या घड्याळातली आजची तारीख बघतो. घड्याळात एप्रिल होता, नव्या मालिकेत आठ बिलं झालेली होती, म्हणून त्याने 9 दिला. आता 3 एप्रिल 2024 चं एक बिल नंबर 9 आधीच आहे, आणि 31 मार्च 2025 चं हे दुसरं 9. दोन्ही तारखा 2024-25 याच वर्षातल्या. हा खरा दुहेरी क्रमांक. तो उघडकीला येतो 11 एप्रिलच्या आसपास, मार्चचं जीएसटीआर-1 भरायला बसल्यावर, आणि तेव्हा सगळे पोर्टलला नावं ठेवतात.

आणखी एक जात आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यात वर्ष म्हणजे कॅलेंडर. तो आकडा 1 जानेवारीला एकवर आणतो. मालिका एप्रिलमध्ये एकपासून सुरू झालेली असेल, तर मग एप्रिल ते डिसेंबरमधली पहिली काही बिलं आणि जानेवारी ते मार्चमधली बिलं एकाच आर्थिक वर्षात एकमेकांवर चढतात. असा घोळ एखाद्या बिलापुरता राहत नाही, शेकड्यांनी होतो.

आपल्याकडे कोणता आजार आहे हे ओळखायचं तर प्रत्येक बिलाला तारखेवरून आर्थिक वर्ष लावायचं. महिना एप्रिल किंवा नंतरचा असेल तर तेच साल, जानेवारी ते मार्च असेल तर आधीचं साल. मग विचारायचं:

```
SELECT fin_year, bill_no, COUNT(*)
FROM bills
GROUP BY fin_year, bill_no
HAVING COUNT(*) > 1;
```

उत्तरात एकही ओळ आली नाही तर कायद्याचा प्रश्न नाही, फक्त प्रोग्राम दोन वह्यांची सरमिसळ करतो आहे. ओळी आल्या तर त्या बिलांची यादी घेऊन सीएकडे जायचं. गिऱ्हाइकाच्या हातात गेलेल्या बिलाचा नंबर आपल्याकडे गुपचूप बदलायचा नाही, कारण त्याने त्याच नंबरावर आपली नोंद केलेली असते. विवरण आधीच भरलं असेल तर पुढच्या जीएसटीआर-1 मध्ये दुरुस्तीचा तक्ता असतो, वाट तिथून जाते.

दुरुस्तीत दोन कामं आहेत. तक्त्यात साल आणि नंबर मिळून एक किल्ली करायची, म्हणजे त्याच वर्षात तोच नंबर पुन्हा टाकायला गेलं तर संगणकच अडवेल:

```
UNIQUE (fin_year, bill_no)
```

नुसत्या `bill_no` वर अशी किल्ली असती तर 1 एप्रिलला पहिल्याच बिलाला प्रोग्राम अडला असता. काही दुकानांत तो खरंच अडतो, आणि कारकून ‘1ए’ असं काहीतरी टाकून वाट काढतात. तो वेगळाच उपद्व्याप.

दुसरं काम म्हणजे छापील नंबरात साल आणायचं. इथे सोळा अक्षरांची मर्यादा आडवी येते. `SNG/2025-26/00147` दिसायला सुबक आहे, पण मोजलं तर सतरा अक्षरं भरतात. `SNG/25-26/00147` पंधरात बसतं. तिरपी रेघ आणि आडवी रेघ एवढीच चिन्हं चालतात. हा बदल करायला पुढच्या एप्रिलची वाट पाहायला नको. एका वर्षात एकाहून जास्त मालिका ठेवायला नियमाची परवानगी आहे. जुनी मालिका जिथे थांबली आणि नवी जिथून सुरू झाली ते जीएसटीआर-1 च्या तक्ता 13 मध्ये दाखवलं की झालं.

प्रोग्राम दुरुस्त करून देणारा ‘झालं साहेब’ म्हणाला की त्याच्यासमोरच चाचणीच्या प्रतीवर तीन बिलं करून बघावीत. पहिलं 31 मार्चच्या तारखेचं. मग संगणकाचं घड्याळ पुढे करून एक 1 एप्रिलचं. आणि घड्याळ तसंच ठेवून पुन्हा एक 31 मार्चच्या तारखेचं. पहिल्याला 2319 मिळाला असेल, दुसऱ्याला नव्या सालासह 1, तर तिसऱ्यावर 2320 छापून यायला हवा. तिथे 2 आला, तर पैसे द्यायचे थांबवावेत.