क्लेमच्या कागदावरची वजाबाकी

पेशंट घरी येतो, टाके काढून होतात आणि मग कधीतरी विमा कंपनीचं सेटलमेंट लेटर येतं. बिल किती, मंजूर किती, कापलं किती, अशा तीन आकड्यांचा तो कागद असतो. बहुतेक घरांत त्यातला मधला आकडा बघून सुस्कारा सोडला जातो आणि कागद फाइलला लागतो. पण खरा मजकूर तिसऱ्या आकड्यात असतो. कापलेली रक्कम कोणकोणत्या कारणाने आणि कोणत्या क्रमाने कापली, यावर लाखभर रुपयांचा फरक पडू शकतो.

समजा, साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची बायपास पुण्यात झाली. पॉलिसी पाच लाखांची. त्यात पन्नास हजारांचं डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीचे पन्नास हजार त्यांनी स्वतः सोसायचे. शिवाय दहा टक्के को-पे, म्हणजे मान्य झालेल्या खर्चाचा दहावा हिस्सा त्यांचा. हॉस्पिटलचं बिल झालं 6,40,000 रुपये.

पहिली कात्री लागते ती न मिळणाऱ्या बाबींना. लाँड्री, टेलिफोन, मिनरल वॉटर, सोबतच्या माणसाचं जेवण असल्या गोष्टींची यादी विमा नियामक 'आयआरडीएआय'ने ठरवून दिली आहे आणि ती पॉलिसीच्या शेवटी जोडलेली असते. याच यादीत फाइल उघडण्याचे शुल्क किंवा डिस्चार्जच्या कागदपत्रांचे शुल्क अशाही बाबी आहेत, ज्या खोलीभाड्यातच धरायच्या असतात. तरी काही हॉस्पिटलं त्या वेगळ्या लावतात. कंपनी त्या कापते आणि भुर्दंड पेशंटला. ही तक्रार विमा कंपनीकडे नव्हे, हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर, डिस्चार्ज घेण्याआधीच करायची असते.

शिक्षकांच्या बिलात अशा बाबी 22,000 रुपयांच्या निघाल्या. मान्य खर्च उरला 6,18,000. आता डिडक्टिबल, को-पे आणि पाच लाखांची कमाल मर्यादा, तिन्ही लावायची आहेत. गंमत इथून सुरू होते.

आधी डिडक्टिबल वजा केलं तर 5,68,000 उरतात. त्यातून दहा टक्के, म्हणजे 56,800 गेले की 5,11,200. ही रक्कम पाच लाखांच्या वर आहे, म्हणून कंपनीने पूर्ण पाच लाख द्यायचे.

दुसऱ्या पद्धतीत डिडक्टिबल वजा झाल्यावर लगेच मर्यादा लावतात. 5,68,000 चे पाच लाख होतात आणि को-पे त्या पाच लाखांवर बसतो. हातात 4,50,000.

तिसऱ्या पद्धतीत मर्यादा सगळ्यात आधी. 6,18,000 चे पाच लाख, त्यातून पन्नास हजार वजा, उरलेल्यावर दहा टक्के. हातात 4,05,000. बिल तेच, पॉलिसी तीच, पण पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरात 95,000 रुपयांचं अंतर.

यातलं बरोबर कोणतं, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं आणि ते शब्द माहितीपत्रकात नव्हे, 'पॉलिसी वर्डिंग्ज' नावाच्या जाड पुस्तिकेत सापडतात. आयआरडीएआयने आरोग्य विम्यातल्या शब्दांच्या व्याख्या सगळ्या कंपन्यांसाठी सारख्या केल्या आहेत. त्यात डिडक्टिबल आणि को-पे या दोन्हींच्या व्याख्येच्या शेवटी एक छोटं वाक्य आहे: यामुळे विमा रक्कम कमी होत नाही. तिसऱ्या पद्धतीत तर पाच लाखांतूनच डिडक्टिबल कापलं, म्हणजे विमा रक्कम साडेचार लाखांची झाली. तसं लेटर आलं तर व्याख्येतल्या या वाक्यावर बोट ठेवून लेखी विचारणा करावी.

दुसरी पद्धत मात्र वादाची आहे. 'आरोग्य संजीवनी' या एप्रिल 2020 पासून सर्व कंपन्यांनी आणलेल्या प्रमाणित पॉलिसीत पाच टक्के को-पे आहे आणि तो 'मान्य आणि देय' रकमेवर लावायचा, असं तिथे म्हटलं आहे. देय रक्कम पाच लाखांपेक्षा जास्त असूच शकत नाही, म्हणून को-पे त्या पाच लाखांवरच, असं कंपनी म्हणू शकते. उलट जिथे फक्त 'मान्य रक्कम' एवढंच लिहिलं आहे, तिथे ग्राहकाची बाजू भक्कम होते. शब्दांचे दोन अर्थ निघत असतील तर ज्याने करार लिहिला त्याच्या विरुद्ध आणि ग्राहकाच्या बाजूने अर्थ लावायचा, हे विमा करारांबाबत न्यायालयांनी मानलेलं तत्त्व आहे.

बिल मर्यादेच्या खूप आत असेल तेव्हा एवढा घोळ होत नाही, पण क्रम तेव्हाही बघावा. मान्य खर्च तीन लाख असेल तर आधी डिडक्टिबल, मग को-पे लावल्यावर 2,25,000 मिळतात. उलट क्रमाने 2,20,000. या पाच हजारांचं गणित सोपं आहे. ते डिडक्टिबलच्या पन्नास हजारांचे दहा टक्के. जो खर्च ग्राहकाने आधीच पूर्ण सोसला आहे, त्याच्यावरही को-पे लावला गेला.

को-पे लागू होतो का, हेही तपासावं लागतं. काही पॉलिसींत तो ठरावीक वयानंतर विमा घेतला तरच असतो. काहींत शहरावर असतो: लहान शहराच्या कमी हप्त्यात पॉलिसी घेतली आणि उपचार मुंबईत केले तर को-पे. शेड्यूलमध्ये अट नसेल तर कापण्याचं कारण काय, हे कंपनीने सांगायला हवं.

खोलीभाड्याची मर्यादा असलेल्या पॉलिसींत या सगळ्याआधी आणखी एक वजाबाकी होते. भाड्याची हद्द दिवसाला पाच हजार आणि खोली घेतली आठ हजारांची, तर डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांश, धरले जातात. पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कपात करता येत नाही, हा 2020 पासूनचा नियम आहे. बायपासच्या किंवा गुडघ्याच्या बिलात तर याच बाबी मोठ्या असतात. त्यामुळे सगळ्या बिलाला सरसकट एकच गुणोत्तर लावलेलं दिसलं की ओळीओळीने हिशोब मागावा.

लेटर बरोबर निघालं तरी एक काम उरतं. वर्षात पुढे काही झालं तर किती विमा शिल्लक आहे, ते विचारायचं. पाच लाखांच्या पॉलिसीतून कंपनीने 2,25,000 दिले असतील तर शिल्लक 2,75,000 हवी. तीन लाखांचा मान्य खर्च वजा करून दोन लाख दाखवले असतील, तर ग्राहकाने खिशातून भरलेले पैसेही विम्यातून खर्च झाले, असं नोंदवलं गेलं आहे. ही चूक सहसा दुसऱ्या क्लेमपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

हिशोब पटला नाही तर फोनवर भांडून उपयोग नसतो. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र द्यायचं आणि पत्रात आपल्या पद्धतीचं गणित कलमाच्या क्रमांकासह मांडायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नसते, वकील चालत नाही आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोहोचायला हवा. लोकपालांनी निवाडा दिला की कंपनीला तो तीस दिवसांत पाळावा लागतो.