पोते, पुडा आणि शिल्लक : एका किराणा दुकानातील साठ्याची यंत्रणा

किराणा-भुसार दुकानात एकच माल दोन रूपांत असतो : गोदामात ५० किलोचे पोते आणि मांडणीवर एक किलोचा पुडा. दिवाळीच्या फराळाची खरेदी सुरू झाली की रवा, बेसन, पोहे आणि पिठीसाखर यांची पोती दिवसभर फुटत राहतात, त्यामुळे दुपारी वहीत लिहिलेली शिल्लक संध्याकाळी खरी राहत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी अशाच एका दुकानदाराच्या मुलीने वसुबारसेच्या आधीच्या पंधरवड्यात साठ्याची जी यंत्रणा उभी केली, ती या अडचणीतूनच आकाराला आली.

साधने साधी होती. गूगल शीट्समधील एक तक्ता, दोन गल्ल्यांवरील दोन संगणक आणि प्रत्येकाला जोडलेला बारकोड वाचक, म्हणजे पट्ट्यांतील आकडे वाचून ते कळफलकावर टंकल्याप्रमाणे संगणकात उतरवणारे उपकरण. कंपनीच्या बंद पाकिटांवर तेरा अंकी बारकोड छापलेलाच असतो. दुकानात बांधलेल्या पुड्यांवर तो नसल्याने त्यांना स्वतःचे संकेतांक देऊन चिकटपट्ट्या छापाव्या लागल्या.

पहिल्या रचनेत प्रत्येक मालापुढे शिलकीचा एकच आकडा होता, आणि विक्री झाली की संगणक तो वाचून, त्यातून विकलेले पुडे वजा करून, नवा आकडा त्याच जागी लिहीत असे. एका गल्ल्यावर हे बिनचूक चालले. दोन्ही गल्ले एकाच वेळी चालू होताच आकडे फसू लागले. रव्याचे ४० पुडे असताना दोन्ही संगणकांनी ४० हाच आकडा वाचला, एकाने ३ पुडे विकून ३७ लिहिले, दुसऱ्याने ५ विकून त्यावर ३५ लिहिले, आणि मांडणीवर ३२ पुडे असताना तक्ता ३५ दाखवू लागला. पहिली विक्री पुसली गेली होती, आणि तक्त्यात तिची कोणतीही खूण उरली नव्हती.

यावरचा उपाय वडिलांच्या वहीत आधीपासूनच होता. रोजमेळात व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहिला जातो, जुनी ओळ खोडली जात नाही, आणि शिल्लक ही ओळींच्या बेरजेतून काढली जाते. मुलीने तक्ता याच तत्त्वावर फिरवला : शिल्लक लिहिणे बंद झाले, आणि प्रत्येक आवक अधिक चिन्हाने व प्रत्येक विक्री वजा चिन्हाने नवी ओळ म्हणून नोंदली जाऊ लागली. ओळ जोडण्यासाठी वापरलेली `appendRow` ही आज्ञा शेवटची जागा शोधणे आणि तेथे लिहिणे ही दोन्ही कामे अखंडपणे करते, त्यामुळे दोन गल्ल्यांच्या ओळी एकमेकींवर पडत नाहीत. शिल्लक दाखवणारे सूत्र एवढेच आहे :

```
=SUMIFS(Nondi!D:D, Nondi!B:B, A2)
```

येथे `Nondi` हे नोंदींचे पान, B हा संकेतांकाचा स्तंभ, D हा संख्येचा स्तंभ, आणि A2 मध्ये ज्याची शिल्लक हवी त्या मालाचा संकेतांक आहे.

पोते फोडण्याची नोंद दोन ओळींत होते : एक पोते वजा, ४९ पुडे अधिक. उरलेला किलोभर माल सांडलवंड आणि तोलताना गेलेले झुकते माप यांत जातो; व्यापारी त्याला घट म्हणतात, आणि ती गृहीत न धरल्यास दर पोत्यामागे एक पुडा केवळ कागदावर शिल्लक राहतो.

या रचनेचा मोठा गुण असा की चूक स्वतःचे कारण सुचवते. शिल्लक शून्याखाली गेली, तर बहुधा गोदामात पोते फोडून पुडे बांधले गेले आहेत, पण नोंद राहिली आहे. उलट तक्त्यात पुडे असून मांडणी रिकामी असेल, तर पुडा वाचकासमोर न धरताच दिला गेला असावा, फुटला असावा किंवा चोरीला गेला असावा. रात्रीच्या मोजणीत आढळलेला फरकही ‘फरक’ या नावाची वेगळी ओळ म्हणून लिहिला जातो, त्यामुळे कोणत्या मालात तो वारंवार येतो हे दिसत राहते.

माल कधी मागवायचा याचा हिशेब सणात वेगळा करावा लागला. ठोक व्यापाऱ्याकडून माल यायला दोन दिवस लागतात. रोज १२ पुडे खपत असताना तीन दिवसांचा साठा, म्हणजे ३६ पुडे उरताच मागणी नोंदवणे पुरेसे होते. खप रोजचा ३० झाल्यावर तेच ३६ पुडे दुसऱ्या दिवशी संपले असते, म्हणून ही पातळी महिन्याच्या सरासरीऐवजी मागील तीन दिवसांच्या खपावरून काढली जाऊ लागली आणि ९० वर गेली. मागणीसाठी पोती आणि पुडे किलोत एकत्र मोजले जातात, तर मांडणीवरचे पुडे कमी झाल्याचा इशारा स्वतंत्र असतो, कारण पहिल्याचा अर्थ माल मागवा असा आहे आणि दुसऱ्याचा केवळ पुडे बांधा असा.

सुटा माल मात्र या यंत्रणेबाहेरच राहिला. दुकानातील वजनकाटा संगणकाला जोडलेला नाही, आणि पावशेर-अर्धा किलो मागणाऱ्या गिऱ्हाइकाला उघड्या पोत्यातून दिलेला माल नोंदवण्यासाठी गर्दीत कोणी थांबत नाही; त्यामुळे ती उघडी पोती दुकान बंद करताना काट्यावर ठेवली जातात आणि सकाळच्या वजनाशी येणारा फरक दिवसाची सुटी विक्री म्हणून एकाच ओळीत लिहिला जातो.