‘आपण’ म्हणताना ओठ मिटले का?

कार्टूनमधलं पात्र बोलतं, तेव्हा त्याच्या प्रत्येक अक्षराकडे आपलं लक्ष नसतं. क, त, न यांना तोंड जरा कमी-जास्त उघडलं तरी खपून जातं. पण प, ब, भ किंवा म ऐकू आला आणि ओठ मिटलेच नाहीत, तर तो आवाज त्या पात्राचा वाटत नाही. म्हणून जुळणी तपासताना मी आधी हीच अक्षरं शोधतो.

संवाद आधी ध्वनिमुद्रित होतो. संगीत न मिसळलेला तो आवाज आणि त्यातल्या वाक्यांचा मजकूर ‘माँट्रियल फोर्स्ड अलाइनर’सारख्या प्रोग्रामला देतात. तो उच्चारकोशातून प्रत्येक शब्दाचे ध्वनी घेतो, दर 10 मिलिसेकंदांनी आवाज तपासतो आणि कोणता ध्वनी कधी सुरू झाला, कधी संपला, याची यादी देतो. कोशात लेखन नव्हे, उच्चार हवा. ‘आंबा’ लिहिताना म दिसत नाही; बोलताना मात्र अनुस्वाराच्या जागी म् येतो आणि ब सुटेपर्यंत ओठ मिटलेलेच राहतात.

या यादीतले ध्वनी मग तोंडाच्या मोजक्या आकारांत बसवतात. ‘रूबार्ब लिप सिंक’ या प्रोग्राममध्ये मूळ आकार सहाच आहेत, आणि त्यातला पहिला मिटलेल्या ओठांचा.

खरी चूक होते ती यापुढे. समजा, भरभर बोललेल्या ‘आपण’मध्ये प 0.43 ते 0.49 सेकंदांदरम्यान आहे. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा, पण प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. एक चित्र 0.417 ला सुरू होतं, पुढचं 0.5 ला. प्रत्येक चित्र सुरू होताना कोणता ध्वनी आहे एवढंच पाहिलं, तर पहिल्या वेळी आ सापडतो आणि दुसऱ्या वेळी प नंतरचा अ. प पूर्ण निसटतो! यादी अचूक असूनही पात्र ‘आअण’ म्हणताना दिसतं. त्यामुळे ओठ मिटणाऱ्या ध्वनीला किमान एक चित्र द्यायचंच, आणि ते शेजारच्या स्वराच्या वाट्यातून काढायचं. इथे 0.417 चं चित्र प ला द्यावं. ओठ आवाजाच्या किंचित आधी मिटले तर डोळ्यांना खटकत नाही, मागे राहिले तर लगेच कळतं.

वाक्याच्या सुरुवातीला प असेल तर आणखी एक अडचण असते. ओठ मिटलेले असताना काहीच ऐकू येत नाही, आवाज ओठ सुटल्यावर येतो. प्रोग्राम आधीच्या शांततेत प ची सुरुवात नेमकी शोधू शकत नाही. तिथे मिटलेलं तोंड एक-दोन फ्रेम आधीपासून हातानेच ठेवावं लागतं.

कलाकाराने ऐनवेळी शब्द बदलला आणि मजकूर जुनाच राहिला, तरी प्रोग्राम तक्रार करेलच असं नाही. तो न बोललेले ध्वनीही कुठेतरी कोंबतो. यादीत सलग 30 मिलिसेकंदांचे ध्वनी दिसले, की बहुधा हेच झालेलं असतं, कारण त्याहून छोटा ध्वनी हा प्रोग्राम सहसा मांडत नाही. अशा वेळी वेळा सरकवत बसू नये. मुद्रण पुन्हा ऐकून मजकूर दुरुस्त करावा आणि यादी नव्याने काढावी.