उणे दोनचा निकाल

दुधाच्या पिशवीवर ५०० मिलिलिटर छापलेलं आहे. ग्राहकांची तक्रार अशी की, पिशवीत सरासरी त्यापेक्षा कमी दूध भरलं जातं. म्हणून १६ पिशव्या कुठलाही पक्षपात न करता निवडल्या आणि मोजल्या. त्यांची सरासरी ४९७ मिलिलिटर आली आणि प्रमाण विचलन ६ मिलिलिटर. ५ टक्के सार्थकता पातळीवर या तक्रारीची तपासणी करा.

संख्याशास्त्राच्या पेपरात या धर्तीचा प्रश्न नेहमी येतो. आकडे मी सोपे घेतले आहेत आणि प्रमाण विचलन काढताना n − १ ने भागलं आहे असं धरलं आहे. आता या प्रश्नाचं असं उत्तर समोर आलं आहे असं समजू. उत्तरपत्रिकांत अशी उत्तरं सर्रास दिसतात.

H₀: x̄ = ५००, H₁: x̄ ≠ ५००
z = (४९७ − ५००) ÷ (६ ÷ √१६) = −३ ÷ १.५ = −२
|z| = २ > १.९६
म्हणून H₀ खोटी आहे. पिशवीत कमी दूध भरतात हे सिद्ध झाले.

गणित बिनचूक आहे. शेवटचा निर्णयही बरोबर उत्तराच्याच बाजूचा आहे, कारण अचूक सोडवणुकीतही शून्य परिकल्पना नाकारलीच जाते. घाईत तपासणारा शेवटची ओळ पाहून गुण देऊन मोकळा होईल. पण हे उत्तर वरून खाली, एकेक ओळ प्रश्नाशी ताडून वाचलं तर ते जवळपास प्रत्येक ओळीत ढासळतं.

पहिली ओळ परिकल्पनांची. H₀ म्हणजे शून्य परिकल्पना, ‘काही बिघडलेलं नाही’ असं धरून चालणारं विधान. H₁ म्हणजे पर्यायी परिकल्पना, ज्या शंकेसाठी तपासणी चालली आहे ती. विद्यार्थ्याने दोन्ही विधानं x̄ बद्दल केली आहेत आणि x̄ ही त्या १६ पिशव्यांची सरासरी. ती ४९७ आहे हे आपण मोजूनच बसलो आहोत. ती ५०० आहे का, असं विचारण्यात अर्थ नाही. प्रश्न त्या यंत्रातून भरल्या जाणाऱ्या सगळ्या पिशव्यांच्या सरासरीचा आहे. ती आपल्याला माहीत नाही, म्हणून तर चाचणी. ती μ या अक्षराने लिहितात. म्हणजे हवं होतं H₀: μ = ५००. ही चूक एका अक्षराची दिसते, पण ती करणाऱ्याला आपण कशाबद्दल बोलतो आहोत हेच नीट कळलेलं नसतं. म्हणून तिचे गुण मी कापतो.

त्याच ओळीत दुसरी गोष्ट आहे चिन्हाची. तक्रार ‘कमी’ भरण्याची आहे. मग पर्यायी परिकल्पना μ < ५०० अशी, एकाच बाजूची हवी. ‘≠’ हे चिन्ह कमी आणि जास्त दोन्ही बाजू पाहतं. ते यंत्राची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाच्या प्रश्नाला शोभलं असतं, कारण जास्त दूध सांडलं तरी त्याला काळजी असते. हे चिन्ह प्रश्नाच्या शब्दांवरून ठरतं, हाती आलेल्या आकड्यांवरून नाही. ४९७ पाहून मग ‘<’ लिहिणं म्हणजे निकाल पाहून तक्रार लिहिणं.

दुसरी ओळ चाचणीच्या संख्येची, म्हणजे टेस्ट स्टॅटिस्टिकची. नमुन्याची सरासरी अपेक्षित ५०० पासून किती दूर गेली आहे, हे ती संख्या प्रमाण त्रुटीच्या मापाने सांगते. प्रमाण त्रुटी ६ ÷ ४ म्हणजे १.५ मिलिलिटर, ३ मिलिलिटरची घट त्याच्या दुप्पट. म्हणून उणे दोन. इथपर्यंत ठीक. मात्र विद्यार्थ्याने तिला z म्हटलं आहे आणि z चा तक्ता तेव्हाच चालतो जेव्हा संपूर्ण उत्पादनाचं प्रमाण विचलन आधीपासून ठाऊक असतं. इथे ६ हा आकडा त्याच १६ पिशव्यांतून काढलेला अंदाज आहे. नमुना लहान असला की हा अंदाजही डळमळीत असतो आणि त्या अनिश्चिततेची भर निकालात धरावी लागते. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने नेमका हाच प्रश्न सोडवला. त्यातून आला तो t चा तक्ता. इथे t वापरायचा आणि स्वातंत्र्य मात्रा १६ − १ = १५ घ्यायच्या.

इथेच तपासणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहायची. काही पाठ्यपुस्तकांत प्रमाण विचलन काढताना n ने भागतात आणि मग सूत्रात √n ऐवजी √(n − १) येतं. तसा ६ दिला असता तर उत्तर −१.९४ आलं असतं. दोन्ही रीती बरोबर आहेत, फक्त त्यांची सरमिसळ चुकीची. प्रश्नात कुठली रीत आहे हे पाहिल्याशिवाय या आकड्यावर लाल खूण करू नये.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, क्रांतिक क्षेत्राची. येझी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या १९३३ च्या प्रसिद्ध शोधनिबंधाने या कल्पनेला गणिती बैठक दिली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे लंडनला याच जोडीकडे संख्याशास्त्र शिकले. कल्पना अशी: H₀ खरी असताना चाचणीची संख्या जिथे क्वचितच जाईल, असा पट्टा आधीच आखून ठेवायचा. संख्या त्या पट्ट्यात पडली तर H₀ नाकारायची. ५ टक्के पातळी म्हणजे सरासरी खरोखर ५०० असतानाही दीर्घकाळात शंभरातले सुमारे पाच नमुने त्या पट्ट्यात पडतील, एवढा धोका आपण पत्करला आहे. पट्टा कुठे आखायचा हे पहिल्या ओळीतलं चिन्ह ठरवतं. μ < ५०० असेल तर पट्टा डाव्या टोकाला, t < −१.७५३. μ ≠ ५०० असेल तर तो दोन्ही टोकांना विभागला जातो: t < −२.१३१ किंवा t > २.१३१.

आता विद्यार्थ्याच्या उत्तराकडे परत पाहा. त्याने ‘≠’ लिहिलं होतं. त्या चिन्हाशी प्रामाणिक राहून t चा तक्ता उघडला असता तर सीमा २.१३१ मिळाली असती, उणे दोन पट्ट्याबाहेर राहिलं असतं आणि H₀ नाकारता आली नसती. z घेतल्यामुळे सीमा १.९६ वर खाली आली आणि उणे दोन आत पडलं. एका चुकीने निर्णय उलटला असता, दुसऱ्या चुकीने तो पुन्हा जागेवर आणून ठेवला. असं उत्तर ‘बरोबर आलं’ म्हणणं मला मान्य नाही.

क्रांतिक क्षेत्र शब्दांत न लिहिता ‘काढलेली किंमत तक्त्यातल्या किमतीपेक्षा मोठी असेल तर H₀ नाकारा’ एवढंच पाठ करणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. उणे दोन हे १.७५३ पेक्षा लहानच आहे, म्हणून काही जण H₀ स्वीकारून मोकळे होतात. यावर उपाय म्हणून |t| घ्यायला शिकवतात. त्याने दुसरा धोका उभा राहतो. समजा नमुन्याची सरासरी ४९७ ऐवजी ५०३ आली. t अधिक दोन येतो, |t| तरीही दोन, १.७५३ पेक्षा मोठा. झालं, ‘कमी भरतात’ असा निष्कर्ष, आणि तोही जास्त भरलेल्या पिशव्यांवरून! म्हणून उत्तरपत्रिकेत क्षेत्र चिन्हासकट लिहिलेलं हवं: t < −१.७५३ असल्यास H₀ नाकारू. शेजारी घंटेसारखा वक्र काढून डावं टोक रेखाटलं असेल तर तपासणाऱ्याला एका नजरेत कळतं की, लिहिणाऱ्याने बाजू ओळखली आहे.

राहिली शेवटची ओळ. ‘H₀ खोटी आहे’ आणि ‘सिद्ध झाले’ ही दोन्ही विधानं चाचणीच्या ताकदीबाहेरची आहेत. जो पाच टक्के धोका आपण आधीच पत्करला, तो निष्कर्षाच्या वाक्यात पुसून टाकता येत नाही. ‘कमी भरत असण्याची शक्यता ९५ टक्के’ हेही चूक, कारण ते ५ टक्के H₀ खरी धरून काढलेले आहेत. H₀ खरी असण्याची शक्यता ते सांगत नाहीत. नुसतं ‘H₀ नाकारली’ लिहून थांबणंही अपुरं, कारण प्रश्न दुधाचा होता. चांगलं वाक्य असं: ‘t = −२ ही संख्या क्रांतिक क्षेत्रात येते, म्हणून ५ टक्के पातळीवर H₀ नाकारतो. पिशव्यांत भरल्या जाणाऱ्या दुधाची सरासरी ५०० मिलिलिटरपेक्षा कमी आहे, असं म्हणण्यास या नमुन्यातून पुरेसा पुरावा मिळतो.’ यात पातळी आहे, निर्णय आहे, प्रश्नातल्या शब्दांत उत्तर आहे आणि ‘पुरावा’ या शब्दाची मर्यादाही पाळली आहे. एखाद्या सुट्या पिशवीबद्दल मात्र ते काहीच सांगत नाही.

H₀ नाकारली जात नाही तेव्हाच्या वाक्यात तर चुका जास्तच होतात. हाच प्रश्न १ टक्का पातळीवर असता तर सीमा −२.६०२ असती आणि उणे दोन बाहेर राहिलं असतं. तेव्हा विद्यार्थी लिहितात, ‘म्हणून सरासरी ५०० आहे.’ हे कसं तुटतं ते पाहा. याच नमुन्यावर μ = ४९९ अशी H₀ घेतली तर t −१.३३ येतो, तीही नाकारता येत नाही. सरासरी एकाच वेळी ५०० आणि ४९९ असू शकत नाही. म्हणून तिथे एवढंच लिहावं: ‘१ टक्का पातळीवर सरासरी ५०० पेक्षा कमी असल्याचा पुरेसा पुरावा मिळत नाही.’

आता गुण. सहापैकी मी या उत्तराला दोन देईन, संख्येची मांडणी आणि गणित यांचे. दुसऱ्या कुणी H₁: μ ≠ ५०० लिहिलं, t चा तक्ता पाहिला, क्षेत्र २.१३१ च्या बाहेर आखलं आणि ‘सरासरी ५०० पेक्षा वेगळी असल्याचा पुरेसा पुरावा नाही’ असा निष्कर्ष काढला, तर त्याला पाच. त्याचा निर्णय अपेक्षित उत्तराच्या उलट आहे, तरीही पाच. त्याची चूक पहिल्या ओळीत एकदाच झाली. पुढची प्रत्येक ओळ तिच्याशी सुसंगत आहे. त्या एका चुकीची शिक्षा त्याला तीनदा करू नये. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती: लाल पेन शेवटच्या ओळीवर टेकवण्याआधी H₁ मधलं चिन्ह पाहा आणि त्याच चिन्हाला धरून खाली वाचत या.