डामाच्या कागदावर काय लिहायचं

रात्री साडेअकराला डोंबिवली पूर्वेच्या आमच्या कॅज्युअल्टीत मुलगा वडिलांना रिक्षातून घेऊन आला. वय 61, मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली, पण पोटात अन्न नाही. शर्ट घामाने चिंब आणि तोंडी एकच धोशा, "मला घरी सोडा." ग्लुकोमीटरवर साखर 48.

हा नकार मी नकार धरला नाही. मेंदूला साखर कमी पडली की माणूस हट्टाला पेटतो, आणि बोलणं मात्र वरवर नीट वाटतं. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिली दिलं आणि केस पेपरवर वेळ घालून लिहिलं: "सध्या निर्णयक्षमता नाही, तातडीचे उपचार सुरू."

बाराला साखर 142. काका भानावर आले, तारीख-वार बरोबर सांगू लागले. मी म्हटलं, गोळीचा असर जवळजवळ दिवसभर टिकतो, डेक्स्ट्रोजचा लवकर ओसरतो. साखर पुन्हा उतरू शकते, 24 तास अॅडमिट राहा.

"पहाटे चारला दुधाची गाडी येते, डॉक्टर. जावंच लागेल."

"काका, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू."

"झोपेत साखर उतरली तर कळणारही नाही. फिट येईल, जीवही जाईल. पण मुलगा दर दोन तासांनी उठवून तपासेल. मशीन आहे घरी."

समजलं होतं, लक्षात राहिलं होतं, स्वतःला लावून तोललंही होतं. निर्णय मला पटला नाही, पण तो त्यांचाच होता. मुलगा म्हणाला, "बाबांचं ऐकू नका, सही मी करतो, ठेवून घ्या." तसं चालत नाही. 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: सज्ञान, सक्षम रुग्णाच्या संमतीऐवजी आईची संमती पुरत नाही.

आपल्याकडे डामाच्या छापील फॉर्मवर "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे" एवढंच असतं, आणि सही बहुधा नातेवाइकाची. कोर्टात त्या ओळीला फारसं वजन नाही. धोका कोणता सांगितला, हे तिच्यातून कळतच नाही. म्हणून मी खाली हाताने लिहिलं: 12.20, साखर 142, पूर्ण शुद्धीत. सल्ला: 24 तास निरीक्षण. सांगितलेले धोके: साखर पुन्हा उतरणे, बेशुद्धी, फिट, मेंदूला इजा, मृत्यू. पर्याय: निदान सकाळपर्यंत थांबणे, तोही नाकारला. नकाराचं कारण, आणि काकांची वाक्यं अवतरणात जशीच्या तशी. मराठीत बोललो होतो, तेही नोंदलं. त्यांची सही, साक्षीदार म्हणून सिस्टरची. सही नाकारली असती, तर तेवढंच लिहून साक्षीदाराची घेतली असती.

नकार अॅडमिट होण्याला होता, औषधोपचाराला नव्हे. गोळी बंद, आत्ता जेवण, दर दोन तासांनी साखर, 70 खाली गेली तर ग्लुकोज पाजून लगेच परत. हे सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं. मुलाने चिठ्ठीचा फोटो काढला आणि विचारलं, "रात्री परत आणलं तर पुन्हा केस पेपर काढावा लागेल का?" लागेल, म्हटलं, पण तो नंतर, आधी सरळ आत घेऊन या.