विश्लेषण : सगळ्या शहरांची एकच फेरी... पण गणित दोन तुकडे का करते?

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, वर्धा आणि अमरावती. सहाही शहरांत एकदाच जायचे आणि निघालो तिथे परतायचे. सर्वात कमी अंतराची फेरी कोणती? ‘ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम’ म्हणतात तो हाच.

गणित कसे मांडतात?

सहा शहरांच्या १५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एक चल द्यायचा. तो रस्ता घेतला तर १, नाही तर ०. प्रत्येक शहराला एक येण्याचा आणि एक जाण्याचा असे बरोबर दोन रस्ते हवेत, ही अट घालायची आणि एकूण अंतर कमीत कमी करायला सांगायचे.

मग अडते कुठे?

उत्तर येते ते असे: मुंबई-पुणे-नाशिक हा एक त्रिकोण, नागपूर-वर्धा-अमरावती हा दुसरा. अंतर ढोबळमानाने ८६५ किमी. प्रत्येक शहराला दोन रस्ते आहेत, म्हणजे एकही अट मोडलेली नाही. फक्त मुंबईहून निघालेला माणूस विदर्भात कधीच पोहोचत नाही. या तुटक फेऱ्यांना ‘सबटूर’ म्हणतात.

त्यावर उपाय म्हणजे आणखी एक अट. मुंबई १, पुणे २, नाशिक ३ धरले तर:

```
x12 + x13 + x23 ≤ 2
```

तीन शहरांना मिळून रस्त्यांची सहा टोके लागतात. आतले दोन रस्ते चारच टोके भरतात. उरलेली दोन गटाबाहेर न्यावीच लागतात. त्रिकोण फुटतो आणि अंतर दीड हजार किमीच्या पुढे जाते. आपल्या उदाहरणात एवढी एक अट पुरते.

सगळ्या अटी आधीच का घालत नाहीत?

कारण शहरांच्या प्रत्येक गटासाठी अशी अट लागू शकते. ४२ शहरांचे गट चार लाख कोटींहून अधिक होतात! १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमधील डँट्झिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन यांनी यातून वाट काढली. आधी थोड्या अटींवर गणित सोडवायचे, उत्तरात कोणती अट मोडली ते पाहायचे, तेवढीच घालायची आणि पुन्हा सोडवायचे. ४९ शहरांची १२,३४५ मैलांची फेरी सर्वात छोटी असल्याचे त्यांनी याच पद्धतीने सिद्ध केले. (वाटेवरची सात शहरे वगळून गणित ४२ चेच केले होते.)

सिद्ध कसे? अटी अपुऱ्या असताना आलेला आकडा खऱ्या उत्तरापेक्षा मोठा असूच शकत नाही. आपले ८६५ किमीसुद्धा निरुपयोगी नव्हते, त्याहून छोटी फेरी अशक्य हे त्याने सांगितलेच होते. अटी वाढतात तसा हा तळ वर सरकतो आणि हातातल्या फेरीला टेकला की शोध संपला.

एक खोच मात्र राहते. गणित झटपट सुटावे म्हणून चलांना ० ते १ मधली कोणतीही किंमत घेऊ देतात. मग ‘अर्धा रस्ता’ घ्या असेही उत्तर येते, आणि कधी कधी त्यात सबटूरची एकही अट मोडलेली नसते. तिथे वेगळ्या प्रकारच्या अटी शोधाव्या लागतात. नाहीतर तो रस्ता एकदा ०, एकदा १ धरून दोन्ही शाखा तपासाव्या लागतात. त्या तिघांनाही निव्वळ सबटूरच्या अटी पुरल्या नव्हत्या.